कोजागरीचा निरोप: नोटीस वाटू नये म्हणून काय बदलावे?

प्रश्न: आमच्या ४८ घरांच्या सोसायटीत यंदा कोजागरीचा कार्यक्रम ठरला आहे. गटावर टाकायचा संदेश मी लिहिला आणि समितीतल्या एका काकांना दाखवला, तर ते म्हणाले, "ही नोटीस झाली, आमंत्रण नव्हे." मला कोणालाही दुखवायचे नाही. भाषा नम्र आणि स्पष्ट करून द्याल का? फार जड मात्र नको. संदेश असा आहे:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की पुढच्या रवीवारी आम्ही कोजागीरी निमित्त सांस्कृतीक संध्या चे आयोजन केले आहे. सर्वानी सहकुटुंब वेळेवर उपस्थीत रहावे. कार्यक्रम ८ ते १२ राहील. ज्यांना गाणे, डान्स करायचा आहे त्यांनी नाव नोंदवा, नंतर कोणाचेही नाव घेतले जाणार नाही. प्रत्येकी २०० रुपये काकांकडे जमा करा. महीलांनी दूध आटवण्यास ६ वाजता खाली यावे. आपापल्या खुर्च्या आणणे. गाड्या काढून घेणे, नुकसान झाल्यास आमची जबाबदारी नाही. मागच्या वर्षी सारखे फक्त दूध प्यायला येऊ नये. ए विंगची आजी भावगीत गाणार आहे. कृपया करून सहकार्य करावे. कमिटी."

उत्तर:

काकांचे निरीक्षण अचूक आहे, आणि ते पहिल्याच ओळीवरून आले असावे. "कळविण्यात येते" या रचनेत कळवणारा माणूस दिसत नाही. पाणी बंद राहणार असेल किंवा वार्षिक सभा बोलवायची असेल, तर ही रचना योग्यच आहे, कारण तिथे बोलणारी व्यक्ती नसून संस्था असते. आमंत्रणाला मात्र यजमान लागतो. कोणीतरी बोलावते आहे हे वाचणाऱ्याला जाणवले पाहिजे, आणि तुमच्या संदेशात ते शेवटपर्यंत जाणवत नाही, कारण शेवटी सहीच्या जागीही नुसते "कमिटी" आहे.

त्याच ओळीतला "सभासद" हा शब्दही बदलायला हवा. गृहनिर्माण संस्थेत सभासद म्हणजे ज्याच्या नावावर सदनिका आणि भागपत्र आहे तो. भाडेकरू कुटुंबे सभासद नसतात, आणि ४८ घरांत अशी काही घरे असणारच. मी भाड्याच्या घरात राहत असताना हळदीकुंकवाचा निरोप "सर्व सभासद भगिनींना" अशा शब्दांत आला होता. मी आणि शेजारची आणखी एक भाडेकरू, आम्ही दोघीही गेलो नाही, आणि आमची वाट पाहिली जात होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. ज्यांनी निरोप लिहिला त्यांच्या मनात तसे काहीच नव्हते. एका सवयीच्या शब्दाने तो गैरसमज झाला होता. म्हणून "रहिवासी" म्हणावे, किंवा त्याहून सोपे, "सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक घराला".

पुढे "आम्ही आयोजन केले आहे" असे लिहिले आहे. मराठीत "आम्ही" म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि "आपण" म्हटले की तो आत येतो. वर्गणी सगळ्यांची, गाणारे सगळ्यांतलेच, दूध आटवणारेही त्यांतलेच, आणि तरी कोजागरी मात्र "आमची", असा अर्थ नकळत निघतो. इथे "आपण सगळे मिळून साजरी करणार आहोत" असेच लिहावे.

पण "आपण" वापरताना एक अडचण येते, आणि सोसायटीच्या संदेशांत बहुतेक गोंधळ तिच्यामुळेच होतो. हा शब्द दोन कामे करतो. "आपण खुर्च्या आणणार आहोत" यात बोलणारा आणि ऐकणारे मिळून सगळे आहेत, तर "आपण खुर्च्या आणाव्यात" यात फक्त समोरचा माणूस आहे, आदराने संबोधलेला. एकाच संदेशात दोन्ही अर्थ आले की वाचणारा अडखळतो: दुधाची व्यवस्था समिती करणार आहे की मी करायची आहे? माझा उपाय असा, की अशा निरोपात "आपण" फक्त "सगळे मिळून" या अर्थाने ठेवावे आणि वाचणाऱ्याला उद्देशून बोलताना सर्वनाम शक्यतो लिहूच नये. मराठी वाक्याला त्याची गरज नसते. "नाव कळवावे", "सतरंजी आणावी" एवढे पुरते, आणि "तुम्ही" लिहावे की "आपण" हा ज्येष्ठांच्या बाबतीतला प्रश्नही उरत नाही.

आता क्रियापदे पाहू, कारण नोटिशीचा सूर मुख्यतः तिथून येतो. तुमच्या संदेशात विनंतीची तीन वेगवेगळी रूपे मिसळली आहेत: "नोंदवा, जमा करा" हा सरळ आज्ञार्थ, "यावे, करावे" हा विध्यर्थ, आणि "आणणे, काढून घेणे" ही "-णे"ची रूपे. तिसरा प्रकार जुन्या पत्रव्यवहारातून आणि कचेरीच्या आदेशांतून आपल्याकडे आला आहे. लिहिणाऱ्याला तो तटस्थ वाटतो, पण वाचणाऱ्याला तो वरिष्ठाने खालच्या माणसाला दिलेला हुकूम वाटतो. तो पूर्ण काढून टाकावा. आज्ञार्थ घरात आणि मित्रांत चांगला असतो. शंभर-सव्वाशे माणसांच्या गटात, जिथे ऐंशीच्या घरातले आजोबाही वाचत आहेत, तिथे तो उद्धट वाटू शकतो. त्यामुळे मुख्य रूप विध्यर्थाचेच ठेवावे.

विध्यर्थ वापरताना एक चूक फार होते. या रूपात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, कर्माप्रमाणे बदलते. म्हणून "नाव नोंदवावे" पण "नावे नोंदवावीत", "माहिती द्यावी" पण "पैसे द्यावेत", "गाडी लावावी" पण "गाड्या लावाव्यात". नकारातही तसेच, "गाडी लावू नये" आणि "गाड्या लावू नयेत". "सर्वांनी आपली नावे नोंदवावे" असे वाक्य मी इतक्या फलकांवर पाहिले आहे की आता पुष्कळांना तेच बरोबर वाटते. लिहून झाल्यावर प्रत्येक "-वे"च्या आधीचे कर्म शोधावे आणि ते एकवचनी आहे की अनेकवचनी, पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी, एवढे पाहावे; चूक लगेच सापडते.

मात्र सात-आठ वाक्ये ओळीने "-वे"वर संपली तर तीच औपचारिकता पुन्हा अंगावर येते. मदत मागताना मराठीत यापेक्षा मऊ रूपे आहेत. "खुर्ची आणलीत तर सोय होईल" यात विनंती आहे, पण नकार द्यायलाही जागा आहे. "ज्यांना जमेल त्यांनी यावे" यातही तसेच. ज्या गोष्टी सगळ्यांनी करणे आवश्यक आहे, जसे की पैसे देणे किंवा गाडी हलवणे, तिथे "-वे" ठेवावे. ज्या ऐच्छिक आहेत तिथे "-त तर" किंवा "जमेल त्यांनी" असे रूप घ्यावे. मग आवश्यक काय आणि ऐच्छिक काय हे वेगळे सांगावे लागत नाही, क्रियापदच ते सांगते.

"कृपया करून" हे रूप चुकीचे आहे. "कृपया" या संस्कृत शब्दाचाच अर्थ "कृपेने" असा होतो, त्यामुळे एकतर "कृपया" लिहावे किंवा "कृपा करून". माझ्या मते या संदेशात दोन्हींची गरज नाही. रूप नम्र असेल तर "कृपया" वेगळे लिहावे लागत नाही, आणि रूप हुकमी असेल तर शेवटी लावलेल्या एका "कृपया"ने ते सुधारत नाही.

आदराचा आणखी एक मुद्दा "ए विंगची आजी गाणार आहे" या वाक्यात आहे. स्वतःच्या आजीबद्दल आपण एकवचनातच बोलतो, "माझी आजी छान गाते" असेच म्हणतो, आणि त्यातच जवळीक असते. शेजारच्या आजींना मात्र आदरार्थी बहुवचन लागते: "ए विंगमधल्या आजी भावगीत गाणार आहेत." हे बहुवचन प्रत्यय लागताना अनुस्वाराने दाखवले जाते. "आजींनी", "काकांकडे", "सर्वांनी" यांतला अनुस्वार गेला तर आदरही जातो, कारण "काकाकडे" म्हणजे घरच्या लाडक्या काकाकडे आणि "काकांकडे" म्हणजे ज्यांना आपण मान देतो त्यांच्याकडे. १९६२पासून चालत आलेल्या लेखननियमांत आदरार्थी बहुवचनालाही हा अनुस्वार द्यावा असे स्पष्ट सांगितले आहे. तुमच्या संदेशात "काकांकडे" बरोबर आहे, पण "सर्वानी" असे राहून गेले आहे.

बाकीच्या लेखनचुका झटपट सांगते: रविवारी, कोजागरी (किंवा कोजागिरी, पण "गी" दीर्घ नाही), सांस्कृतिक, उपस्थित, महिला, राहावे. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहावीत, म्हणून "कोजागरीनिमित्त" आणि "वर्षीसारखे". "सांस्कृतिक संध्या" हा प्रयोग आता रूढ होत असला, तरी मराठीत आपण वेळेला "संध्याकाळ" म्हणतो. शिवाय तुमचा कार्यक्रम रात्री आठचा आहे. मी सरळ "कोजागरी पौर्णिमा" एवढेच शीर्षक ठेवेन. त्यापुढे काय असणार हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

यापुढचे दोष शब्दांचे नाहीत, माहितीचे आहेत, आणि गटावर उलटसुलट प्रश्नांची रांग लागते ती त्यांच्यामुळे.

"पुढच्या रविवारी" हा शब्दप्रयोग बुधवारी वाचला तर काहींना तो चार दिवसांवरचा रविवार वाटतो आणि काहींना त्यानंतरचा. शिवाय असे निरोप लोक तीन-चार दिवसांनी उघडतात किंवा घरच्यांना पुढे पाठवतात, तेव्हा "पुढचा" हा शब्द कोणत्या दिवसापासून मोजायचा हे कळत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहावेत. यंदाची कोजागरी २५ ऑक्टोबर २०२६ या दिवशी, रविवारी आहे.

"८ ते १२ राहील" यात सकाळ की रात्र हे तर नाहीच, पण त्याहून मोठी अडचण ध्वनिक्षेपकाची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती आपल्यापुरती गृहीत धरू नये. ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे किंवा दुसऱ्या दिवशी, सोमवारी, परीक्षा आहे, ते "८ ते १२" वाचून मनातल्या मनात नाराज होतील. ध्वनिक्षेपक १० वाजता बंद होईल आणि त्यानंतर चांदण्यात दूध आणि गाण्याच्या भेंड्या, असे लिहिले की तेच लोक आनंदाने खाली येतील. तक्रार येण्याआधीच तिचे उत्तर देणे यालाच मी इथे नम्रता म्हणते.

"प्रत्येकी २०० रुपये" हे वाक्य सगळ्यांत जास्त वाद घालणारे आहे. चार माणसांच्या घराने ते ८०० रुपये असे वाचले तर त्यांची चूक नाही, कारण "प्रत्येकी" म्हणजे प्रत्येक माणसामागे. तुमचा हेतू घरामागे २०० असा असावा असे मी धरते. त्यासाठी मराठीत "घरटी" हा नेमका शब्द आहे, आणि माणसामागे घ्यायचे असतील तर "माणशी". "काकांकडे" म्हणजे कोणत्या काकांकडे, हेही घराच्या क्रमांकासह लिहावे. पैसे कशासाठी आहेत ते एका ओळीत सांगितले तर देणाऱ्याला मागणी वाटत नाही.

पैशांबरोबर माणसांची संख्या मागावी, आणि ती का हवी ते सांगावे. मसाला दूध माणशी दीडशे मिलिलिटर धरले, तर ११० माणसांना साधारण साडेसोळा लिटर तयार दूध लागते. आटताना पाचवा हिस्सा कमी होतो असे मानले, तर वीस-एकवीस लिटर दूध आणावे लागेल. कोजागरीला दूधवाल्याकडे सगळीकडूनच मागणी येते, त्यामुळे त्याला दोन दिवस आधी आकडा द्यावा लागतो. हा सगळा हिशेब संदेशात लिहू नये, पण "दूध आधी सांगावे लागते" एवढे कारण लिहिले की "नंतर कोणाचेही नाव घेतले जाणार नाही" असा इशारा द्यावा लागत नाही. ज्यांना साखर चालत नाही किंवा ज्यांच्या मुलांना सुकामेव्याचा त्रास होतो, त्यांची चौकशी याच ओळीत करावी. वेगळे विचारले की लोक संकोचतात.

"महिलांनी दूध आटवण्यास यावे" हे वाक्य मी तरी ठेवणार नाही. काम सांगावे, किती माणसे लागतील ते सांगावे, आणि ज्यांना जमेल त्यांना बोलवावे. वीस लिटरचे पातेले ढवळायला हात दणकट लागतात आणि त्यासाठी पुरुष मंडळीही येऊ शकतात.

राहिली दोन वाक्ये. "नुकसान झाल्यास आमची जबाबदारी नाही" हे वाचून कोणी गाडी लवकर हलवत नाही, मनात भांडण मात्र तयार होते. गाड्या कोणत्या जागेवरून हलवायच्या, किती वाजेपर्यंत आणि कुठे लावायच्या, हे सांगितले की काम होते. "मागच्या वर्षीसारखे फक्त दूध प्यायला येऊ नये" हे वाक्य मात्र दुरुस्त करू नका, काढूनच टाका. ज्यांना ते उद्देशून आहे त्यांना ते कळेल आणि ते येणार नाहीत. ज्यांना उद्देशून नाही तेही आपल्यालाच म्हटले का, असा विचार करत बसतील. कामावरून दमून उशिरा येऊन नुसते दूध पिऊन जाणारा शेजारीही कोजागरीला आलाच की.

हे सगळे बदल करून संदेश मी असा लिहिला असता:

*कोजागरी पौर्णिमा: गाणी, नाच आणि मसाला दूध*
*रविवार, २५ ऑक्टोबर २०२६, रात्री ८ वाजता, ए विंगसमोरचे आवार*

नमस्कार.

यंदाही आपण सगळे मिळून कोजागरी साजरी करणार आहोत. सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक घराला सहकुटुंब आग्रहाचे निमंत्रण आहे. घरी पाहुणे असतील तर त्यांनाही जरूर आणावे.

ए विंगमधल्या आजी भावगीत गाणार आहेत. ज्यांना गाणे, नाच किंवा वाचन सादर करायचे आहे, त्यांनी आपले नाव आणि काय सादर करणार ते मला मंगळवार, २० ऑक्टोबरपर्यंत कळवावे, म्हणजे क्रम लावता येईल. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे मिळतील.

ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद होईल. त्यानंतर मसाला दूध आणि गाण्याच्या भेंड्या. ज्यांना जितका वेळ बसावेसे वाटेल तितका वेळ बसावे.

दूध, सुकामेवा आणि ध्वनिक्षेपकाचे भाडे यांसाठी घरटी २०० रुपये (घरात कितीही माणसे असली तरी) बी विंग २०४मधल्या काकांकडे गुरुवार, २२ ऑक्टोबरपर्यंत द्यावेत. दूध आधी सांगावे लागते, म्हणून घरातून किती जण येणार तेही तेव्हाच सांगावे. कोणाला बिनसाखरेचे किंवा सुकामेव्याविना दूध हवे असल्यास तसे कळवावे.

दूध आटवायला आणि सतरंज्या घालायला संध्याकाळी ६ वाजता सात-आठ जण लागतील. ज्यांना जमेल त्यांनी यावे. ज्येष्ठांसाठी घरून एखादी खुर्ची आणलीत तर सोय होईल.

ए विंगसमोरच्या गाड्या रविवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत मागच्या बाजूला लावाव्यात, ही विनंती. काही अडचण असल्यास मला सांगावे, आपण जागा करू.

सर्वांची वाट पाहत आहोत.
सांस्कृतिक समितीच्या वतीने,
(तुमचे नाव, घर क्रमांक)

पहिल्या दोन ओळींच्या दोन्ही बाजूंना मी * हे चिन्ह मुद्दाम ठेवले आहे. व्हॉट्सॲपवर त्यामुळे त्या ओळी ठळक दिसतात, आणि संदेश न उघडता वर जेवढे दिसते तेवढ्यात काय, कधी, कुठे हे येऊन जाते. इतर कुठेही ठळक अक्षरे, उद्गारचिन्हांची रांग किंवा फुलांची चित्रे घालू नयेत. पैसे आणि गाड्यांच्या ओळी ठळक केल्या की पुन्हा तोच नोटिशीचा सूर येतो. शेवटी समितीच्या नावापुढे तुमचे स्वतःचे नाव असणे आवश्यक आहे, कारण मजकुरात "मला कळवावे", "मला सांगावे" असे म्हटले आहे आणि वाचणाऱ्याला तो "मी" सापडला पाहिजे.

आठवणीचा निरोप शनिवारी द्यावा आणि तो दोन वाक्यांचाच असावा: "उद्या, रविवार, २५ ऑक्टोबरला रात्री ८ वाजता आपण ए विंगसमोर कोजागरीसाठी भेटत आहोत. गाड्या संध्याकाळी ५पर्यंत मागे लावाव्यात, म्हणजे तयारीला वेळ मिळेल." इथे "उद्या" चालते, कारण शेजारी तारीख आहे. पैसे राहिलेल्यांची नावे या निरोपात घालू नयेत. त्यांच्याशी एकेकट्याने बोलावे.

मुदतीनंतर कोणी नाव दिले तर गटावर नियम दाखवू नका. "क्रम लावून झाला आहे, पण भेंड्यांच्या वेळी तुमचे गाणे नक्की ऐकू" असे त्यांना वैयक्तिक कळवावे, आणि त्या वेळी आठवणीने त्यांना गायला सांगावे.

आणि संदेश टाकण्याआधी ए विंगमधल्या आजींना एकदा भेटून या. आपले नाव आधी जाहीर व्हावे असे सगळ्यांनाच वाटत नाही. त्यांची इच्छा नसेल तर ती ओळ काढून ठेवा; असेल तर त्यांनाच विचारून गाण्याचे बोलही त्या ओळीत घाला.